रात्री साडेआठचा कॉल कुणाच्या वाट्याला?

आमच्या टीममध्ये बारा जण आहेत. पाच पुण्यात, तीन बर्लिनला, चार सिअ‍ॅटलला. ही टीम मी पुण्यातून सांभाळते. सुरुवातीला आठवड्यात तीन कॉल असायचे आणि तिन्ही रात्री साडेआठला. त्या वेळी सिअ‍ॅटलमध्ये सकाळचे आठ वाजलेले असतात, बर्लिनमध्ये संध्याकाळचे पाच. कुणाला मध्यरात्री उठायला लागत नाही, कुणाची झोप मोडत नाही. त्यामुळे या वेळेबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही.

पुण्यातल्या एका सहकारी मैत्रिणीची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. साडेआठ ही तिची जेवून झोपायची वेळ. आई कॉलला यायची, पण माइक बंद ठेवून, एका हाताने मुलीला थोपटत. सहा महिन्यांत ती त्या कॉलवर क्वचितच बोलली असेल. वर्षाच्या शेवटी तिच्या मूल्यमापनात सिअ‍ॅटलच्या एका वरिष्ठांचा शेरा आला : "पुढाकार कमी." शेरा देणारा माणूस वाईट नव्हता. त्याने तिला फक्त साडेआठला पाहिलं होतं. दुपारी दोन वाजता अवघड कोड सोडवून बाकीच्या चौघांना समजावणारी ती त्याला कधी दिसलीच नव्हती.

त्या शेऱ्यानंतर मी वेळांचं गणित पहिल्यांदा नीट मांडून बघितलं.

भारताचं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जगभर धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे असतं आणि वर्षभर तसंच राहतं. उन्हाळ्यात बर्लिन आपल्या साडेतीन तास मागे असतं, सिअ‍ॅटल साडेबारा तास. पुणेकर सकाळी साडेनऊला कामाला बसतात तेव्हा सिअ‍ॅटलमध्ये आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात. सिअ‍ॅटलची माणसं सकाळी नऊला येतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. म्हणजे दोन्हीकडे नेहमीची ऑफिसवेळ धरली, तर दोघांच्या दिवसात एकही मिनिट सामाईक नाही. सगळ्यांनी एकत्र बोलायचं, तर कुणाला तरी आपल्या घरच्या वेळेतला तास द्यावाच लागतो. तो कुणी द्यायचा, एवढाच प्रश्न उरतो.

कॅलेंडरचं सॉफ्टवेअर, किंवा घाईत असलेला माणूस, "सगळ्यांचा मिळून कमीत कमी त्रास" होईल अशी वेळ शोधतो. आमच्या तीन शहरांसाठी ते उत्तर दर वेळी पुण्याची रात्र हेच येतं. एका दिवसापुरतं ते बरोबरही आहे. पण तेच उत्तर आठवड्यात तीनदा आणि वर्षातून पन्नास आठवडे वापरलं, की कमीत कमी त्रासाचा सगळा बोजा एकाच शहराच्या खांद्यावर येतो. प्रत्येक कॉल सुटासुटा बघितला तर रास्त, सगळे एकत्र बघितले तर अन्याय. म्हणूनच तो कुणाच्या नजरेत येत नाही.

तो नजरेत यावा म्हणून मी एक साधा तक्ता केला. मागच्या सोळा आठवड्यांतला प्रत्येक कॉल एका ओळीत लिहिला आणि त्यापुढे तीन रकाने, तीन शहरांचे. ज्या शहरात तो कॉल सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातच्या नंतर पडला, त्या रकान्यात एक खूण. बेरीज केली तेव्हा पुण्याच्या रकान्यात अठ्ठेचाळीस खुणा होत्या, बर्लिनच्या रकान्यात शून्य, सिअ‍ॅटलच्याही शून्य. मी हा तक्ता कुठलंही भाष्य न करता टीमला पाठवला. सिअ‍ॅटलच्या एका सहकाऱ्याने दोन तासांत उत्तर दिलं की आपल्याला याची कल्पनाच नव्हती. मला ते खरं वाटतं. त्याच्यासाठी तो सकाळच्या कॉफीबरोबरचा कॉल होता.

पहिलं काम आम्ही केलं ते तीन कॉलचा एक कॉल करण्याचं. वेळ आळीपाळीने बदलण्याआधी हे करावं, असं माझं ठाम मत आहे. नको असलेला कॉल सगळ्यांनी वाटून घेण्यात काही अर्थ नाही. बाकीच्या दोन कॉलमध्ये मुख्यतः "मी काल काय केलं" एवढंच सांगितलं जायचं. ते लेखी चालतं.

उरलेल्या एका कॉलसाठी तीन वेळा ठरवल्या. पहिली जुनीच : पुण्यात रात्री साडेआठ, सिअ‍ॅटलला सकाळी आठ, बर्लिनला संध्याकाळी पाच. हिचा भार पुण्यावर. दुसरी वेळ पुण्यात संध्याकाळी साडेसहा, बर्लिनला दुपारी तीन, सिअ‍ॅटलला पहाटे सहा. हिचा भार सिअ‍ॅटलवर. तिसरी वेळ पुण्यात सकाळी दहा, बर्लिनला सकाळी साडेसहा आणि सिअ‍ॅटलला आदल्या रात्री साडेनऊ. या वेळी पुणं निवांत असतं, बाकीचे दोघे सोसतात.

तीन वेळा आहेत म्हणून एक-दोन-तीन असं फिरवलं, तर सिअ‍ॅटलची पाळी तीन महिन्यांत दोनदा येते आणि पुण्याची एकदाच. मग अन्याय फक्त शहर बदलतो. म्हणून आमचा क्रम चार महिन्यांचा आहे : पहिली वेळ, दुसरी, पुन्हा पहिली, मग तिसरी. त्यात पुण्याचे दोन महिने जातात, सिअ‍ॅटलचे दोन आणि बर्लिनचा एक. बर्लिन नकाशावर मधोमध आहे, त्याला आम्ही काही करू शकत नाही. बर्लिनकरांनी आपणहून सांगितलं की मग प्रत्येक बैठकीची नोंद आम्ही लिहू. हे मला फार आवडलं. वेळ देता येत नसेल, तर दुसऱ्या एखाद्या कामाने वाटा उचलता येतो.

वेळ दर आठवड्याला बदलू नका. आम्ही सुरुवातीला तसं करून बघितलं आणि गोंधळ झाला. पाळणाघर, स्वयंपाकाच्या बाई, घरी परतायची बस, या गोष्टी दर आठवड्याला हलत नाहीत. महिनाभर एकच वेळ ठेवली की घरचे जुळवून घेतात. शिवाय ज्याला एखादी वेळ अजिबात जमत नाही, त्याला कारण न विचारता सूट द्यावी. घरात आजारी माणूस आहे की तान्हं मूल आहे, हे सगळ्यांसमोर सांगायला लावणं हाही एक जाचच आहे.

सिअ‍ॅटलच्या पहिल्या पहाटेचा कॉल मला अजून आठवतो. तिथला एक सहकारी स्वयंपाकघरात ओट्यावरचा एकच दिवा लावून बसला होता. घरची झोपली होती, म्हणून अगदी दबक्या आवाजात बोलत होता. मग मध्येच थांबला आणि म्हणाला, "तुम्ही लोक रोज असंच बोलत होतात का?" पुण्याच्या बाजूला कुणीच काही बोललं नाही. त्या दिवसापासून त्याने रात्री साडेआठच्या कॉलवर पुणेकरांना आधी बोलायला द्यायचं आणि त्यांचं झालं की जायची मोकळीक द्यायची, अशी पद्धत पाडली. आम्ही ती तिन्ही वेळांना लावली. ज्याची घरची वेळ चालू आहे, तो आधी बोलतो आणि आधी निघतो.

वेळा ठरवल्यावर आणखी एक खाच लक्षात ठेवावी लागते. आपण घड्याळ कधी पुढे-मागे करत नाही, पण ते दोघे करतात, आणि तेही वेगवेगळ्या दिवशी. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे नेते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. युरोप हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतो. २०२६ साली अमेरिकेचा बदल ८ मार्चला, युरोपचा २९ मार्चला. या मधल्या तीन आठवड्यांत सिअ‍ॅटल आणि बर्लिन यांच्यातलं अंतर नऊऐवजी आठ तासांचं असतं, आणि बर्लिनचा पाचचा कॉल चारला येऊन बसतो. शरद ऋतूत असाच एक आठवडा २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर.

यात आपलं नुकसान कसं होतं ते बघा. कॅलेंडरमधली दर आठवड्याची बैठक ज्याने तयार केली, सहसा त्याच्याच शहराच्या घड्याळाला ती बांधलेली असते. आमचा कॉल सिअ‍ॅटलमधून, तिथल्या वेळेचं कॅलेंडरमधलं नाव `America/Los_Angeles` लावून बनवला होता. त्यामुळे नोव्हेंबर उजाडला की सिअ‍ॅटलचे आठ आठच राहायचे आणि पुण्याचा साडेआठचा कॉल गुपचूप साडेनऊला जायचा. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही, पण मार्चपर्यंत पुण्याची रात्र तासाभराने लांबायची. आता हिवाळ्यात वाढलेला हा तास आम्ही वाटून घेतो : सिअ‍ॅटल साडेसातला येतं, पुणं नऊला. आणि दोन्ही बदलांच्या आठवडाभर आधी तिन्ही शहरांच्या वेळा टीमला लिहून कळवतो. कॅलेंडरवर विसंबून राहत नाही.

आता लिहिण्याकडे येते, कारण एक कॉल पुरायचा असेल तर बाकी सगळा भार लिखाणावर पडतो. आणि लिखाण ढिसाळ असेल, तर लोक पुन्हा रात्रीच्या कॉलकडे वळतात.

पुण्यातून सिअ‍ॅटलला एक प्रश्न विचारायचा, तर त्याला एक दिवस लागतो. समजा मंगळवारी सकाळी अकराला तुम्ही लिहिलंत : "हाय, पेमेंटचा बिल्ड फेल होतोय, बघशील का?" तिकडचा माणूस झोपायला निघालाय. तो त्याच्या मंगळवारी सकाळी, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊला विचारतो, "कुठल्या सर्व्हरवर?" तुम्ही बुधवारी सकाळी लिहिता, "टेस्टच्या." त्याचं उत्तर बुधवारी रात्री येतं, "लॉग पाठव." गुरुवारी सकाळी तुम्ही लॉग पाठवता, रात्री तो उत्तर देतो, शुक्रवारी सकाळी तुम्ही वाचता. समोरासमोर चार मिनिटांत संपलं असतं ते बोलणं तीन दिवस चाललं. म्हणून समोरच्याचे पुढचे दोन-तीन प्रश्न ओळखून त्यांची उत्तरं पहिल्याच निरोपात घालायची. आमच्यात हे इंग्रजीत लिहिलं जातं, मी इथे मराठीत देते :

"टेस्ट सर्व्हरवर काल संध्याकाळपासून पेमेंटचा बिल्ड फेल होतोय. काल दुपारपर्यंत चालत होता. लॉग जोडलाय, ओळ ४१२ पाहा. लायब्ररीची जुनी आवृत्ती लावून पाहिली, तरी तेच. काल बदललेल्या सेटिंगमुळे होत असावं असा माझा अंदाज आहे. तुझ्याकडून एवढंच हवंय : ती सेटिंग मागे घेतली तर तुमचं काही अडेल का? बुधवारी पुण्याच्या सकाळी दहापर्यंत 'नको' असं आलं नाही, तर मी ती फक्त टेस्ट सर्व्हरवर मागे घेईन. ग्राहकांच्या सर्व्हरला हात लावणार नाही."

यातली शेवटची दोन वाक्यं सगळ्यात मोलाची. उत्तर आलं नाही तर मी काय करणार, हे आधीच सांगितलंय. आणि दिलेली मुदत खरी आहे : पुण्याचे बुधवारी सकाळचे दहा म्हणजे सिअ‍ॅटलचे मंगळवारी रात्रीचे साडेनऊ, म्हणजे त्याला कामाचा पूर्ण दिवस मिळालाय. अर्थात ही पद्धत पुन्हा मागे फिरवता येईल अशाच गोष्टींना लावायची. डेटा पुसायचा असेल, तर उत्तराची वाट बघायलाच हवी.

"आज संध्याकाळपर्यंत", "उद्या", "सोमवारी सकाळी" हे शब्द आमच्यात आता कुणी एकटे वापरत नाही. संध्याकाळ कुणाची ते लिहायचं : "गुरुवार, पुणे, संध्याकाळी ६." एकदा सिअ‍ॅटलमधून शुक्रवारी दुपारी चारला एक महत्त्वाचा प्रस्ताव आला. सोबत ओळ होती, "सोमवारी सकाळी दहापर्यंत हरकती कळवा." वाचायला पावणेतीन दिवस दिसतात. पुण्यात तो निरोप शनिवारी पहाटे साडेचारला पोचला होता आणि ते दहा सिअ‍ॅटलचे होते, म्हणजे आम्हाला सोमवारचा एकच दिवस मिळाला. बर्लिनमध्ये तेव्हा शनिवारची मध्यरात्र उलटून गेली होती, त्यांनाही तेवढाच. सिअ‍ॅटलला तर शनिवार-रविवार सोडून तास-दोन तासच. सगळ्यांनीच घाईत होकार दिला. आता नियम असा आहे की प्रत्येक शहराला कामाचे दोन पूर्ण दिवस मिळाल्याशिवाय प्रस्ताव बंद होत नाही.

बैठकीच्या रेकॉर्डिंगबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. तासाभराचं रेकॉर्डिंग कुणी बघत नाही. "रेकॉर्डिंग टाकलंय" म्हटलं की न आलेल्याची सोय झाली असं आपल्याला वाटतं, पण निर्णय तर होऊन गेलेला असतो, आणि पडद्यावर बघणाऱ्याला हात वर करता येत नाही. त्याऐवजी त्याच दिवशी अर्ध्या पानाची नोंद हवी. काय ठरलं, का ठरलं, दुसरा कुठला पर्याय सोडून दिला आणि हरकत कधीपर्यंत घेता येईल. यातला सोडून दिलेला पर्याय लोक लिहायचा विसरतात, आणि नेमका तोच न आलेल्या माणसाच्या मनात असतो. ती मुदत संपेपर्यंत बैठकीतला निर्णय आमच्याकडे कच्चा धरतात.

एवढं करूनही माणसं बाहेर राहतात, आणि ते तक्त्यात दिसत नाही. एक प्रकार मला बराच उशिरा कळला. सिअ‍ॅटलच्या दिवसात काही नवं, तातडीचं काम निघालं की ते साहजिकच तिथे जागा असलेल्या माणसाला मिळायचं. दर वेळी कारण खरं असायचं. पण सहा महिन्यांचं काम मी एका कागदावर उतरवलं, तेव्हा नवं काय बनवायचं याचा विचार लागणारी जवळपास सगळी कामं सिअ‍ॅटलकडे होती, आणि पुण्याकडे दुरुस्ती आणि चाचणी. मग बढतीच्या वेळी अनुभव कुणाकडे आहे असा प्रश्न निघाला की उत्तर आधीच ठरलेलं. आता खरोखर आग लागली नसेल, तर नवं काम चोवीस तास सगळ्यांसमोर खुलं राहतं, मगच त्यावर कुणाचं नाव पडतं. चोवीस तासांत पृथ्वीची एक फेरी होते, प्रत्येकाची सकाळ एकदा येऊन जाते.

दुसरा प्रकार माझ्या हातून झाला. ऑफिसखालच्या टपरीवर दुपारचा चहा घेताना आम्ही तिघांनी डेटा साठवायची पद्धत बदलायचं ठरवलं. बोलणं मराठीत, मोकळेपणाने, पंधरा मिनिटांत. वर येऊन कामाला लागलो. बर्लिनमधल्या सहकारी बाईंना ते दोन आठवड्यांनी कळलं, त्यांचं तोवरचं काम वाया गेल्यावर. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "हे कुठे ठरलं?" माझ्याकडे दाखवायला एक ओळही नव्हती. सिअ‍ॅटलचे लोक कॉल संपल्यावर त्यांच्या खोलीत पाच मिनिटं बोलत उभे राहतात म्हणून मी चिडत असे, आणि आमची टपरी म्हणजे तीच खोली होती. चहा बंद करायचं कारण नाही. पण चहावर काही ठरलं, तर वर येऊन ते "आमच्या तिघांचं मत" म्हणून लिहायचं आणि बाकीच्यांना दोन दिवस द्यायचे. कामाला त्यानंतर हात लावायचा.

तिसरा प्रकार भाषेचा. बर्लिनकर आणि आम्ही, दोघांसाठीही इंग्रजी परकी. वेगाने चाललेल्या कॉलमध्ये वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. दोन दिवस आधी मुद्दे लिहून पाठवले आणि पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी त्यावर लेखी शेरे टाकले, की बोलक्या माणसाचा वरचष्मा कमी होतो. ज्या सहकारी मैत्रिणीबद्दल सुरुवातीला लिहिलं, तिचे शेरे त्या पानावर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात नेमके असायचे. पुढच्या मूल्यमापनाला ती पानंच मी वरिष्ठांना पाठवली. कॉलवर कोण किती बोललं, हा निकष काढून टाकायची विनंती केली. ती मान्य झाली.

या पद्धतीतही एक अडचण अजून सुटलेली नाही. कॉल कमी झाले तसे रोजचे छोटे प्रश्न बर्लिनमार्गे जायला लागले, कारण त्यांना सकाळी पुणं भेटतं आणि संध्याकाळी सिअ‍ॅटल. तिथली माणसं निरोप्या होऊन बसली. ती नसली, आजारी पडली, सुट्टीवर गेली, की दोन्ही टोकांचा संपर्क तुटतो. ३ ऑक्टोबरला जर्मनीत सार्वजनिक सुट्टी असते. ती कामाच्या दिवशी येते तेव्हा हे लख्ख दिसतं. सध्या पुणे आणि सिअ‍ॅटलमधला प्रत्येकी एक जण आळीपाळीने थेट एकमेकांना दिवसाच्या शेवटी तीन ओळी लिहितो : काय झालं, काय अडलंय, उद्या तुम्ही कुठून उचला. या महिन्यात पुण्याकडून लिहिण्याची पाळी त्या मैत्रिणीची आहे. ती संध्याकाळी सहाला लिहिते आणि लॅपटॉप बंद करून घरी जाते.